तार तेवढीच

फिटर आत्यानं सरकारी साहेबाची दोन बोटं मशीनला खायला घातली, अशी बातमी कारखान्याच्या गल्लीत सोमवारी दुपारी फुटली. मंगळवारी न्हाव्याच्या दुकानातून ती फिरून आली तेव्हा बोटांचा पंजा झाला होता. शुक्रवारी दूधवाल्यानं शपथेवर सांगितलं की साहेबाचा हात कोपरापासून गेला, आणि आत्या तो बघत चहा पीत उभी होती. ज्यांनी आत्याला आयुष्यात एकदाही शांतपणे चहा पिताना पाहिलं नव्हतं, त्यांनीसुद्धा माना डोलावल्या.

खरं असं आहे की साहेबाची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. गेलं ते उजव्या बाहीचं एक बटण. आत्या चहा पीत नव्हती. तिचे हात त्या दिवशी असे थरथरत होते की तिला कपबशी दिली असती तर तीच वाजत सुटली असती.

आत्या स्प्रिंगांच्या कारखान्यात फिटर. पेनातली, बॅटरीतली, दाराच्या कडीतली, करंगळीच्या नखाएवढी स्प्रिंग असते ना, ती वळणारी बारा मशीनं तिथं होती आणि त्या बाराही मशीनांची दुखणीखुपणी आत्याच्या ताब्यात. बावीस वर्षं. कानाला हात लावून ऐकायची आणि सांगायची, "सातव्याला खोकला झालाय." तेल घातलं की खोकला जायचा. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला, भावाच्या घरात मागची खोली होती. पण तिची माया सगळी त्या बारा लोखंडी पोरांवर.

या स्प्रिंगांना लागते बारीक पोलादी तार, आणि ती देशात होत नाही, बाहेरून येते. सरकारनं ठरवलं होतं की दर सहा महिन्यांनी ठरावीक टनच तार आत येऊ द्यायची आणि परवाने वाटून द्यायची. परवान्यानं घेतली तर तार स्वस्त. बाजारात तीच तार दुपटीनं. म्हणजे ज्याच्या हातात परवाना, त्यानं एकही स्प्रिंग न वळता नुसता तो कागद दुसऱ्याला दिला तरी त्याचं भलं. हे मालकाला कळायला वर्ष लागलं. कळल्यावर मात्र तो स्प्रिंगांकडे बघायचाच बंद झाला.

मालक वाईट माणूस नव्हता. बापाचा कारखाना चालवत होता. बोलायची सवय एकच: प्रत्येक वाक्य "म्हणजे कसं बघा" नं सुरू करायचा आणि पुढे ते कसं आहे ते कधीच सांगायचा नाही. माल खपवण्याचं काम पूर्वी त्याचे मेहुणे करायचे. गोड जिभेचा माणूस, गिऱ्हाइकाच्या पोराची परीक्षा कधी आहे हेसुद्धा लक्षात ठेवायचा. आता ते मेहुणे दुकानांत जातच नव्हते. ते रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून सरकारी कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर, व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसायचे.

"करता काय तिथं दिवसभर?" आत्यानं एकदा विचारलं.

"बसतो," मेहुणे म्हणाले.

"आणि?"

"आणि काय? बाकी एकोणीस कारखान्यांची माणसंही बसलेली असतात. एकानं उठायचं म्हटलं तर बाकीच्यांना वाटतं, याला आत बोलावलं. मग सगळेच उठतात. मग कुणालाच बोलावलेलं नाही हे कळलं की सगळेच बसतात."

"आणि समोरच्या बाकावर?"

"कुलूपवाले. त्यांनाही हीच तार हवीय."

स्प्रिंगवाल्यांचा एक संघ होता, कुलूपवाल्यांचा एक. स्प्रिंगवाल्यांनी निवेदन दिलं की दुसऱ्या दिवशी कुलूपवाल्यांचं निवेदन, एक पान जास्त. यांनी उपसचिवांना जेवायला नेलं की त्यांनी सचिवांना. संघाची वर्गणी चौपट झाली. संघाचे अध्यक्ष भाषण असं करायचे की समोर तीन माणसं असली तरी मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचावा: "या उद्योगाचं भवितव्य, बंधूंनो, आज दारात उभं आहे!" दारात खरं तर वर्गणी गोळा करणारा कारकून उभा असायचा. पण तार एक किलोनं वाढली नाही. ती बोटीवर चढायच्या आधीच किती यायची ते ठरलेलं होतं.

मग नियम निघाला: ज्या कारखान्यात जितकी मशीनं, त्या प्रमाणात तार.

त्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका टेम्पोतून आठ मशीनं आली. आत्यानं ताडपत्री उचलली. सांगाडे होते ते. कुठल्या तरी बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात वर्षानुवर्षं गंजलेले. तार पुढे ढकलणारे रूळ नाहीत. क्लच नाही. एकाच्या आत चिमणीचं जुनं घरटं.

"म्हणजे कसं बघा, आत्या," मालक म्हणाला. "स्प्रिंग वळायची गरज नाही. फक्त फिरलं पाहिजे. हिरवा रंग मारून घ्या. साहेब दारातून मोजतो आणि जातो. सगळीकडे तसंच चाललंय."

"यांना क्लच नाही, मालक. एकदा पट्टा चढवला की हे थांबत नाहीत. मेन स्विच पाडल्याशिवाय थांबायचे नाहीत."

"थांबवायचंय कुणाला?"

आणि मग त्यानं फॉर्म पुढे केला. वरती छापलेलं: "प्रमाणित करण्यात येते की खालील सर्व यंत्रे सुस्थितीत व चालू आहेत." खाली फिटरची सही. त्याच्याही खाली, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत: खोटी माहिती दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद.

आत्यानं ते तीनदा वाचलं.

"सही माझी का? तुमची का नाही?"

"माझी पुढच्या पानावर आहे की. पण तांत्रिक म्हणजे तुम्हीच. आत्या, तार कमी मिळाली तर इथं बावीस माणसं आहेत. मी कुणाला घरी पाठवू? तुम्हीच नाव सांगा. मी पाठवतो."

त्यानं हे दरडावून म्हटलं नव्हतं. त्यानं ते खाली बघत म्हटलं. म्हणून आत्याला जास्त भीती वाटली. तिनं सही केली. सहीतला शेवटचा फाटा कागदावरून घसरून टेबलावर गेला.

त्यानंतरचे अकरा दिवस आत्या जगली असं म्हणता येणार नाही. रस्त्यात खाकी कपड्यातला माणूस दिसला की ती फुटपाथ बदलायची, मग तो पोस्टमन का असेना. दार वाजलं की हातातलं भांडं खाली ठेवायची. वहिनीनं विचारलं, "अहो वन्सं, बरं नाही का?" तर म्हणाली, "सहा महिने म्हणजे किती गं?" वहिनी म्हणाली, "सहा महिने म्हणजे सहा महिने." त्यानं आत्याचं काही समाधान झालं नाही.

आणि रोज ती त्या सांगाड्यांवर काम करत होती, हेच जास्त वाईट. चालू मशीनांकडे बघायला वेळच नव्हता. सातव्याचा खोकला वाढला, तिसऱ्याचा रूळ झिजला. अकरा दिवसांत स्प्रिंगा नेहमीच्या निम्म्या झाल्या. तयार स्प्रिंगा भिंगातून तपासणारी एक बाई होती. जाड चष्म्यामुळे तिला सगळे दुर्बीण म्हणत. ती रिकाम्या ट्रेपुढं बसून कंटाळली होती.

"अगं आत्या," ती म्हणाली, "ही मढी सजवण्यात तुझा जन्म जाणार. खरी मशीनं मरतायत."

"हळू बोल."

"कुणाला ऐकू जाणार? मेहुणे बाकावर, मालक संघात. इथं काम करणारं उरलंय कोण?"

आत्यानं आठ सांगाड्यांना रंग दिला, पट्टे चढवले. चालू केले की ते फिरत. छान फिरत, गरगर, काहीही न करता. पण त्यांच्याकडे बघताना तिला शिकाऊ असतानाचं एक मशीन आठवायचं, आणि त्यावर काम करणारा एक माणूस. त्या मशीनलाही क्लच नव्हता. नंतर कुणी मिळवायला हात पुढे केला की तो माणूस डावा पुढे करायचा. आत्यानं प्रत्येक सांगाड्याभोवती दोरी बांधली. मालकानं ती सोडायला लावली. "दोरी बघून साहेब विचारेल, दोरी कशाला."

सोमवारी साहेब आला.

तो दारातून मोजणारा साहेब नव्हता. त्याची बदली झाली होती. हा नवा, तरुण, केस ओले करून बसवलेले, आणि बोलणं सगळं फायलीतलं. "पाहणी सुरू करण्यात येत आहे," असं तो दारात उभा राहून म्हणाला, आणि सुरू करणारा तो एकटाच होता. आत्याची पाचावर धारण बसली. ती मेन स्विचपाशी जाऊन उभी राहिली. मालकानं डोळ्यांनी खुणावलं, पुढे या. ती हलली नाही.

साहेबानं एकेक मशीन मोजलं. प्रत्येकावर खडूनं आकडा घातला. बारापर्यंत आला. तेरा. चौदा. वीस मशीनांचा एकदम घरघराट. त्यात मालकाचं "म्हणजे कसं बघा" तुटकतुटक ऐकू येत होतं. सतराव्यापाशी साहेब थांबला.

"याचा माल कुठे आहे?"

"म्हणजे कसं बघा, साहेब, आज यावर तार लावलेली नाही."

"नमुना काढून दाखवण्यात यावा."

"आज जरा..."

"मी लावतो. मी तांत्रिक शाळेत शिकलोय," साहेब म्हणाला, आणि त्या एका वाक्यात तो पहिल्यांदाच माणसासारखा बोलला. त्याला खरंच हौस होती. त्यानं बाजूच्या रिळावरून तारेचं टोक सोडवलं, मनगटाभोवती एक वेढा घेतला, चांगला कारागीर घेतो तसा, आणि ते टोक फिरत्या दांड्याकडे नेलं.

आत्याला त्या क्षणी सगळं एकदम दिसलं. ओरडली तर फॉर्म खोटा. फॉर्म खोटा तर सहा महिने. बावीस माणसं. मालकाचं खाली बघणं. आणि नाही ओरडली, तर कदाचित तो हात मागे घेईलही. लोक घेतात. पुष्कळदा घेतात.

तारेचं टोक दांड्यानं पकडलं.

"हात सोडा!" आत्या ओरडली आणि तिनं स्विच पाडला.

वीज गेली तरी सगळ्या मशीनांचे पट्टे ज्यावर चढवलेले असतात तो छताजवळचा लांब दांडा आपल्या वजनानं आणखी तीनेक वेढे फिरतो. तेवढ्यात तार ताणली, साहेबाची बाही आवळली, बटण तुटून लांब उडालं आणि दुर्बिणीच्या ट्रेमध्ये जाऊन पडलं. मग सगळं थांबलं. बावीस वर्षांत कामाच्या वेळी त्या हॉलमध्ये एवढी शांतता कधी झाली नव्हती. साहेब हात बघत होता. मनगटावर लाल रेघ होती. त्यानं बोटं मोजली. खरोखर मोजली, दुसऱ्या हातानं, एकेक.

आत्या त्याच्याजवळ गेली आणि तारेचा वेढा सोडवू लागली. तिच्या हातांना तो सुटेना.

"याला क्लच नाही, साहेब," ती म्हणाली. "याला थांबवता येत नाही. ही आठ मशीनं नाहीत, सोंगं आहेत. तेराव्यापासून पुढची. सही माझी आहे."

मालक म्हणाला, "म्हणजे कसं..." आणि त्याला पुढचं सापडलं नाही.

साहेब पाणी प्याला. खुर्चीवर बसला. बोलला तेव्हा आवाज बारीक झाला होता. "आधीच्या अठरा कारखान्यांत मी दारातूनच मोजलं. तसंच मोजायचं असतं, असं सांगितलं होतं मला. इथं शेवटी म्हटलं, एकदा बघू तरी." त्यानं रुमालानं मनगट पुसलं. "त्या अठरांतली किती सोंगं असतील?"

आत्याच्या लक्षात आलं की हा माणूस आपल्याइतकाच घाबरलाय. खोटं पकडलं म्हणून लिहावं, तर अठरा कारखाने न बघता पास केले हेही लिहावं लागेल.

त्यानं फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला. "वीसवर काट मारा. बारा लिहा. बाजूला सही करा. दुरुस्ती करण्यात आली, एवढंच म्हणू."

तिनं बारा लिहिलं. या वेळी सही टेबलावर घसरली नाही.

साहेब गेला. मालक आत्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. तो गप्प राहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून बाकीचेही गप्प राहू लागले. हॉलमधल्या फळ्यावर कुणी तरी माणसागणिक एक, असे एक ते बावीस आकडे लिहून ठेवले होते. आत्या आली की कुणी ते पुसत नसे, वाचूनही दाखवत नसे. तारेच्या वाटपाची यादी कधी लागेल आणि त्यात कुणाची भाकरी जाईल, या विचारानं ती दोन घास खाऊन उठायची. एकट्या दुर्बिणीनं बटण डबीत जपून ठेवलं होतं आणि ती आत्याला चिडवायची, "कुणी आलं तर दाखवू. सरकारचा पुरावा आहे आपल्याकडे."

सहा आठवड्यांनी यादी लागली. मेहुण्यांनी ती व्हरांड्यात उभ्या उभ्या उतरवून आणली. कारखान्याच्या वाट्याला आधीच्या निम्मी तार. हॉलमध्ये सगळ्यांची तोंडं उतरली.

दुर्बिणीनं मात्र ती यादी भिंगाखाली धरली, जसा माल धरायची. सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. बाकीच्या एकोणीस कारखान्यांत पूर्वी बारा-बारा होती, आता प्रत्येकाची चोवीस. तिनं ट्रेच्या कागदावर गणित मांडलं. मग मालकाला हाक मारली.

"मालक, सगळ्यांनी दुप्पट केली. तार तेवढीच. आपण वीस दाखवली असती तरी पहिल्यापेक्षा कमीच मिळाली असती. चोवीस दाखवली असती तर पहिल्याइतकी. म्हणजे अर्धा टेम्पो लोखंड आणखी घ्यायचं, तेव्हा कुठं होतो तिथं राहायचं."

मालक त्या कागदाकडे बघत राहिला. "आणि कुणीच घेतलं नसतं तर?"

"तरी होतो तिथंच. फक्त स्प्रिंगा निम्म्या झाल्या नसत्या."

कुणीतरी फळ्यावरचे आकडे पुसले. पण चार जणांना महिनाअखेर घरी बसवायचं ठरलं, आणि त्यात कुणाचं नाव येणार ते कुणालाच माहीत नव्हतं. आत्यानं मालकाला सांगितलं की पहिलं नाव माझं घाला. मालक नाही म्हणाला नाही.

महिना संपायच्या आत कुलूपवाल्यांनी आरडाओरडा केला. स्प्रिंगवाल्यांची निम्मी मशीनं खोटी आहेत, असं निवेदन, चाळीस पानी, फोटोंसकट. लगेच स्प्रिंगवाल्यांचं बेचाळीस पानी. तिसऱ्या मजल्यावर बाक कमी पडू लागले. शेवटी तार वाटायच्या आधीच सरकारनं यादी रद्द केली, मशीनांचा नियम मोडीत काढला, नवा नियम विचाराधीन आहे असं जाहीर केलं, आणि तोवर सगळ्यांना जुन्याइतकीच तार. चौघांची नावं निघाली नाहीत. आत्या त्या दिवशी पोटभर जेवली.

त्याच संध्याकाळी, हे लिहिणाऱ्या तिच्या भाचीनं तिच्याशी पैज लावली. भाचीचं म्हणणं, आता सुटलीस आत्या, मालकाला पुरती अद्दल घडली, उद्या ती आठ सोंगं भंगारात जातील आणि सगळे मुकाट्यानं स्प्रिंगा वळायला लागतील. आत्या म्हणाली, "तार दुप्पट दरानं विकली जातेय तोवर नाही वळायचे. नियम बदलला की सोंग बदलेल. आठ दिवस दे." भाचीला घरात सगळ्यांच्या नकला करायची खोड; ती हरली तर तिनं महिनाभर कुणाचीही नक्कल करायची नाही. ना मालकाची, ना साहेबाची, ना अध्यक्षांची.

सातव्या दिवशी मालक मोजायची टेप घेऊन हॉलमध्ये आला. नवा नियम: ज्याची जागा मोठी, त्याला तार जास्त. मालकानं टेपचं एक टोक आत्याच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन तो चालत सुटला, भिंतीपर्यंत, मग भिंतीबाहेर, संडासापर्यंत, मग शेजाऱ्याच्या पडवीकडे. नवा फॉर्म त्याच्या खिशातून डोकावत होता, आणि त्यातली मुंगीच्या पायांएवढी अक्षरं तिला एवढ्या लांबून वाचता येत नव्हती, तरी पाठ होती.

"किती?" मालकानं तिकडून विचारलं.

"भिंतीपर्यंत धरली तर जागा बाराशे चाळीस चौरस फूट."

"पडवी धरून अठराशे लिहूया."

आत्यानं टेप सोडून दिली. ती सरसर जाऊन मालकाच्या मुठीत शिरली. आत्या तिथंच उभी राहिली आणि म्हणाली, "बाराशे चाळीसवर करते सही. अठराशेवर दुसरा फिटर शोधा."

मालकानं इकडेतिकडे पाहिलं. दुसरा फिटर नव्हता. त्यानं फॉर्म काढला, भिंतीला टेकवून बाराशे चाळीस लिहिलं आणि पेन तिच्यापुढे धरलं.

भाचीचे आज नकलेविना नऊ दिवस झालेत. अजून एकवीस आहेत.